न येणारं गाणं

दुमयात शहरात मूल जन्मतं ते आधी शिंकतं आणि मग रडतं, इतका तिथल्या हवेत लाकडाचा भुसा. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. तिथल्या गल्लीबोळांत पलंग, कपाटं, सोफे घडतात, आणि दर दुकानात छिन्नीच्या जोडीला गाणं वाजतं. छिन्नीची ठकठक एकटी ऐकली तर माणूस वेडा होतो, असं म्हणतात. झालेलेही दोघेतिघे दाखवता येतील.

उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर, अशा शलबीच्या दुकानात गाणी लावायची म्हणजे फोनवरचा 'मिश्रण' नावाचा एक चौकोन दाबायचा. आपल्या आवडीची गाणी ते यंत्रच शोधून एकामागून एक वाजवत राही. ही सगळी सोय त्याच्या मुलाने, बदीरने करून दिली होती. खातं एकच. दुकानातल्या फोनवर तेच आणि घरी बदीरच्या जुन्या फोनवरही तेच. बदीर गेल्यावर तो जुना फोन त्याच्या आईने उशाशी ठेवला. मुलाच्या नावावरून तिला सगळे उम्म बदीर म्हणत आणि शलबीला अबू बदीर.

बदीर गेला तो चुलतभावाच्या लग्नात. गाणारा होता सिमसिम झिलझाल. त्याचा गळा असा की ऐकून म्हशी आटतात. पण लग्नात माणसं गळ्यासाठी नाही, सलामासाठी पैसे मोजतात. गायकाच्या हातात नोट ठेवली की तो गाणं चालू ठेवूनच नाव पुकारतो. त्या रात्री त्याने पुकारलं, "सलाम बदीरला, उस्ता शलबीच्या वाघाला!" आणि नवरदेवाच्या कुठल्याशा मित्राने खुशीत पिस्तूल वर केलं. वर म्हणजे पुरेसं वर नाही.

झिलझालने ते गाणं सलामासकट, त्या ठो आवाजासकट, जसंच्या तसं इंटरनेटवर चढवलं. त्याला वाटलं, पुकारलेली नावं राहिली तर ती माणसं ऐकतील. त्याचा हिशेब चुकला नव्हता.

एके दुपारी ते गाणं दुकानात आलं. शलबी पलंगाच्या उशाकडच्या फळीवर वेल कोरत होता. छिन्नी घसरली आणि वेलीचं पान उडालं.

"बंद कर ते," तो म्हणाला.

शेजारच्या बाकावर अत्रीस बसायचा. त्याचा जुना जोडीदार, जीभ म्हणजे कानस. त्याने गाणं पुढे ढकललं. पण दोन दिवसांनी ते पुन्हा आलं. मग रोजच येऊ लागलं.

"माझ्या मागे लागलंय हे," शलबी म्हणाला.

"यंत्र आहे उस्ता, तुझी सासू नाही. कुणीतरी ऐकतं म्हणून ते आणतं. जे आपण पुढे ढकलत नाही, ते आवडलं असं समजतं."

"मी ऐकतो? मी?"

अत्रीसला काय वाटत होतं ते त्याने भुशात थुंकून टाकलं.

शलबीने चष्मा चढवला आणि गाण्याच्या बाजूचे तीन ठिपके दाबले. 'हे गाणं लपवा.' लपवलं. चौथ्या दिवशी तेच गाणं खाली दुसरा ठेका घालून, वेगळ्या नावाने आलं. सलाम तोच, ठो तोच. तेव्हा त्याने झिलझालच्या पानावर जाऊन त्या माणसालाच लपवून टाकलं. मिश्रणात नको, रेडिओत नको, कुठेच नको.

"आता मेला तो," शलबी म्हणाला. मग जरा वेळ त्याने छिन्नीला धार लावली. धारेची गरज नव्हती.

गाणं यायचं थांबलं, पण दुसरीच पीडा सुरू झाली. पूर्वी दुपारी कधीतरी दुकानातलं गाणं मध्येच थांबायचं आणि पडद्यावर यायचं, 'बदीरचा फोन या खात्यावर वाजत आहे.' खातं एक, म्हणून एका वेळी एकाच ठिकाणी वाजणार. बायको घरी कुराण ऐकत असेल, असं समजून शलबी गप्प बसे. आता सकाळी दुकान उघडल्यापासून तेच. तो दाबून पुन्हा लावी, दोन मिनिटांत थांबे. पुन्हा लावी, पुन्हा थांबे. 'बदीरचा फोन.' 'बदीरचा फोन.' दिवसभर ते नाव त्याच्या तोंडावर फेकलं जाऊ लागलं.

"घरी जाऊन बघ तरी," अत्रीस म्हणाला. "का फोनशीच कुस्ती खेळणार?"

"तिला चैन पडत नाही म्हणून लावते. राहू दे."

"मग तू का बंद पाडतोस दर वेळी?"

शलबीने एप्रन खुंटीला टांगला आणि दुपारीच घरी गेला.

चूल थंड होती. कालची भाकरी फडक्यात तशीच. उम्म बदीर पलंगावर बसली होती. फोन मांडीवर, अनोळखी कुणीतरी गात होतं. गाणं संपलं, दुसरं लागलं. तिने ते अंगठ्याने पुढे ढकललं. तिसरंही ढकललं. तिला अक्षर येत नव्हतं. बदीरने शिकवलेला एक चौकोन आणि पुढे ढकलायचा बाण, एवढंच तिला ठाऊक.

"जेवलीस?"

"उठले की तो येऊन जाईल."

"कोण?"

"बदीर." तिने अंगठा हलवला. "दुपारी यायचा. एक माणूस त्याचं नाव घ्यायचा, उस्ता शलबीचा वाघ म्हणायचा. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला त्रास होतो. एके दिवशी मी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि बहुतेक तेव्हाच येऊन गेला. तेव्हापासून नाही. रुसला असेल. आता मी हलतच नाही. पण हे यंत्र मध्येमध्ये आपोआप बंद पडतं, अबू बदीर. तेवढ्यात येऊन गेला तर?"

शलबी पलंगाच्या कडेला टेकला. तिच्या मनगटाची हाडं दिसत होती. बंद कोण पाडत होतं ते त्याला माहीत होतं. रुसलं कुणी नव्हतं, दुकानात लपवलेलं घरच्या फोनवरही लपलं होतं, तेही.

"दे इकडे," तो म्हणाला.

त्याने अक्षरं जुळवून झिलझालचं नाव शोधलं आणि लपवणं रद्द केलं. मिश्रण काही लगेच बदलत नाही, त्याला एखाददुसरा दिवस लागतो. इतकं थांबण्याची ताकद तिच्या अंगात दिसत नव्हती. म्हणून त्याने ते गाणंच शोधून काढलं आणि त्यापुढचं हृदय दाबलं. असं केलं की ते लाल चित्राच्या आवडत्या यादीत जातं, आणि मिश्रणातही अधिकच येणार. घरी आणि दुकानातही. त्याने क्षणभर बोट तसंच धरलं, मग उचललं.

"हे बघ. हे लाल चित्र दाबायचं. आत हे एकच आहे. हवं तेव्हा येईल."

गाणं सुरू झालं. झिलझाल रेकत होता. उम्म बदीर पुढे झुकली, ओठ आधीच हलत होते. सलाम आला. तिने डोळे मिटले आणि सलामामागून तो ठो आला.

लग्नाच्या रात्री ती गुडघे दुखतात म्हणून घरीच होती. तिला सांगितलं होतं की मुलगा परतताना गेला, रस्त्यावर, गाणंबिणं सगळं संपल्यावर. सांगणारा शलबीच होता.

"ऐकलंत?" ती म्हणाली. पुष्कळ दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. "नाव घेतल्याबरोबर ढोलवाल्याने कशी थाप दिली. त्याच्या नावासाठी खास."

"हो," शलबी म्हणाला.

"चांगल्या हाताचा आहे. ओळखता तुम्ही त्याला?"

"ओळखतो."

"परत लावा. आणि ती भाकरी द्या इकडे, भूक लागली."

त्याने भाकरीचं फडकं तिच्यापुढे सोडलं आणि लाल चित्र दाबलं.