पाव

माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या कोळवणला ठाऊक आहे. दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या बायका आपसात कुजबुजतात, "आशालताबाई आज तापल्यात, लवकर आवर." तापणार नाही तर काय? सकाळपासून साठ-सत्तर पोरं, प्रत्येकाचं वजन मी घ्यायचं, ताप मी बघायचा, गोळ्या मी द्यायच्या, आणि एकच गोष्ट चारदा मी सांगायची. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून येत. जनार्दन सर. लहान मुलांचे डॉक्टर, हाताला गुण होता.

दोन हजार चारची गोष्ट. जया तिच्या पोरीला घेऊन आली. पोरीचं नाव किमया, वय पाच. सारखं डोकं दुखतंय म्हणे. सरांनी बीपी मोजायला लहान मुलांचा पट्टा मागवला, मोठ्यांचा नव्हे. पट्टा मापाचा नसला की आकडा खोटा येतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकशे तीसच्या आसपास. पाच वर्षांच्या पोरीला एवढं! लघवीच्या जंतुसंसर्गाने उजवी किडनी आक्रसली होती. पुण्याच्या सोनोग्राफीत ते दिसलं, रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या होत्या. रक्तही ठीक आलं.

रिपोर्ट आले त्या मंगळवारी मी किमयाला काट्यावर उभं केलं. सोळा किलो. सरांनी कागदावर हिशोब मांडला, मोठ्याने बोलत, त्यांची सवयच ती. "एनालॅप्रिल. किलोमागे शून्य पूर्णांक शून्य आठ. सोळा किलोला सव्वा मिलिग्रॅम, थोडं वर. पाचची गोळी आहे, म्हणजे पाव. दिवसातून एकदा. सुरुवात कमीतच करायची. पुढच्या मंगळवारी बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम. गरज वाटली तर मग हळूहळू वाढवू. आणि सिस्टर, उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवून लगेच आणायचं, हे नीट सांगा. अंगातलं पाणी गेलं आणि ही गोळी चालू राहिली, तर किडनी बसते."

"सांगते सर," मी म्हटलं.

माझी एक पद्धत होती. कागदी पाकिटावर गोळीचा गोल काढायचा आणि जेवढी द्यायची तेवढा भाग शाईने भरायचा. न वाचता येणाऱ्या बाईलाही कळतं. गोळीसुद्धा ब्लेडने कापून द्यायची मी. त्या दिवशी पाकिटं संपली होती. बाहेर रांग दारापर्यंत, एक पोरगं ओकत होतं, त्याची आजी माझ्या नावाने शंख करत होती. मी दहा गोळ्यांची पट्टी अख्खीच, सरांच्या चिठ्ठीसकट, जयाच्या हातात कोंबली.

"रोज सकाळी गोळी, पाव," मी म्हटलं. "मंगळवारी रक्ताला ये."

"पाव, ताई?"

"व्हय, पाव! पाव कळत न्हाई का तुला? चल, पुढचा!"

जया बाजूला झाली. चौथी शिकलेली पोर, चारचौघांत पुन्हा विचारायची तिला लाज वाटली असणार. जुलाबाचं मी बोललेच नाही. खरं सांगते, ते डोक्यातूनच गेलं.

पुढचं मला नंतर कळलं, तिच्याच तोंडून. पाव घरात नव्हता, म्हणून एसटीने पौडला जाऊन तिने बेकरीतून लादी आणली. सासू रंभाबाई फणकारली, "भाताच्या घरात पाव कशाला? लई शेफारलीय पोरगी." जया म्हणाली, "औषाद हाय, आत्याबाई." रोज सकाळी एक अख्खी गोळी, वर चहात बुडवलेला पाव. पाव खाल्ल्याशिवाय पोरीला उठू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी उठता उठता भेलकांडली. रंभाबाई म्हणाली, "सोंगं करतीय." शनिवारी जुलाब लागले. जयाने मनाशी ठरवलं, आता तर औषध चुकवायचंच नाही.

मंगळवारी तिने किमयाला खांद्यावर टाकून आणली. पोरीची मान लुळी, ओठ कोरडे ठाक, डोळे खोल गेलेले. मी पट्टा बांधला. वरचा आकडा साठ. पुन्हा मोजलं, साठच.

"लघवी कधी केली?" सरांनी विचारलं.

"काल दुपारपास्नं न्हाई. पण डाक्टर, औषाद एक दिवस चुकवलं न्हाई. जुलाबातबी पाव भरवलाय. वकली तरी परत भरवलाय."

मला त्याच क्षणी सगळं कळलं.

सर सलाईन लावता लावता थांबले. "पाव भरवला म्हणजे? गोळी किती दिली?"

"एक. पावाबरूबर. ताईंनी सांगितलं तसंच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर?"

खोली एवढीशी. दारात रांगेतल्या बायका माना वर करून बघत होत्या. पंधरा वर्षं मी तिथं काम केलं होतं. जीभ तिखट असेल, पण चूक कधी केली नव्हती.

"मी स्पष्ट सांगितलं होतं, सर," मी म्हटलं. "पाव गोळी. एका गोळीचे चार तुकडे, त्यातला एक. जुलाब झाले तर बंद, हेही सांगितलं होतं."

"अहो बाई!" सर जयावर ओरडले. "चौपट दिलीत! आणि वर जुलाबात! चिठ्ठीवर लिहिलंय की, डोळे नाहीत तुम्हाला?"

जयाने चिठ्ठी उलगडली. एक, आडवी रेघ, खाली चार. ती बोट ठेवून बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी सलाईनची बाटली धरून उभी होते, नजर थेंबांवर.

जीपने पुण्याला नेली. पोटॅशियम आठच्या पुढे गेलं होतं, किडन्या बंद पडल्या होत्या. डायलिसिसच्या यंत्रावर घ्यायची तयारी चालू असतानाच तिचं काळीज थांबलं. सरांनी शुक्रवारी सांगितलं. नंतर म्हणाले, "तुम्ही सांगूनही असं होतं, सिस्टर. काय करणार?" मी मान हलवली. देवा, मी मान हलवली!

गावाने जयाचं नाव ठेवलं, पाववाली. पोरीला पाव चारून मारलं म्हणून. नवरा भैरू तिला नांदवायला तयार नव्हता. रंभाबाई पाणवठ्यावर सांगत फिरायची, की औषध समजेना असल्या बाईला मूल कशाला होऊ द्यावं. मी ते ऐकायचे आणि घागर उचलून घरी यायचे.

महिन्याभराने जया खिडकीशी आली. सकाळ होती, रांग लागायची होती. हातात पिशवी, माहेरी निघाली होती. मला वाटलं आता शिव्या देईल, थुंकेल. देऊ दे, असं वाटलं.

"ताई," ती हळू म्हणाली, "एकच इचारते, खरं सांगा. तुमी चार तुकडे म्हणला व्हता? जुलाबाचं बोलला व्हता? मी लई आठवते, मला आठवतच न्हाई. रातंदिस तेच ऐकू येतं, पाव, पाव. मला येड लागलंय का?"

तिच्या मागं कोणी नव्हतं. सर यायला अर्धा तास होता. ऐकायला फक्त मी.

"बोलले होते," मी म्हटलं. "तू नीट ऐकलं न्हाईस."

तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला तिने. "माजंच चुकलं मग," म्हणाली, आणि पिशवीतून पट्टी काढून खिडकीत ठेवली. सात घरं फुटलेली, तीन गोळ्या शिल्लक.

"वाया कशाला घालवायच्या? कुणाच्या लेकराला लागतील," जया म्हणाली. "त्याच्या आईला तेवढं नीट सांगा."