खबऱ्याचं घर होतं तिथून

मानाग्वात आजही पत्ता सांगतात तो मेल्या-मोडल्या खुणांवरून. म्हातारा एलेउतेरिओ बालमित्र फेर्मीनचं घर तसंच शोधत निघाला: चिंच होती तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, मग एक वर, पूर्वेला. चिंचेच्या जागी पेट्रोल पंप उभा होता, तरी तो चुकला नाही. घराच्या जागी मात्र नुसतं गवत माजलं होतं.

शेजारी मक्याच्या भाकरी भाजणाऱ्या बाईला त्यानं विचारलं, "इथं फेर्मीन राहायचा ना?"

"तो खबऱ्या? क्रांतीत लोकांनी घरासकट जाळलं त्याला. अख्खी वस्ती आता त्याच्यावरूनच पत्ता सांगते. तुमचा कोण तो, बाबा?"

गिऱ्हाईकं वळून बघू लागली.

"कोणी नाही," एलेउतेरिओ म्हणाला. "मला खबऱ्याचं घर होतं तिथून एक गल्ली खाली जायचंय."