सावडीचे तास

भातकुलीच्या शिवारात एक जुनी रीत आहे. तिला सावड म्हणतात. आज मी तुझ्या मळ्यात राबायचे, उद्या तू माझ्या मळ्यात. मजुरीचे नाव काढायचे नाही. शेषराव आणि शकुन यांचा भाजीपाल्याचा मळा या रीतीवरच तगून होता. कोबी काढायला शेजारी येत आणि शेजाऱ्याची मेथी उपटायला हे दोघे जात. त्यांचा थोरला मुलगा गोपाल याच संस्कारात वाढला. पुढे शिष्यवृत्तीच्या आधाराने तो इंग्लंडमधील एका विद्यापीठात अन्नशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास गेला. सावडीची रीतही त्याच्यासोबत सातासमुद्रापार गेली आणि तिथेच त्याच्या नशिबाला पेच पडला.

विद्यापीठाने पहिल्याच आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांना एका दालनात बसवून व्हिसाचे नियम समजावले होते. हेलन नावाच्या प्रौढ अधिकारी बाईंनी ते अगदी सावकाश सांगितले. विद्यार्थी म्हणून नाव चालू ठेवायचे, बोलावतील तेव्हा पासपोर्ट घेऊन पडताळणीस हजर राहायचे. सत्र चालू असताना सोमवार ते रविवार या आठवड्यात वीस तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही. आणि राहण्याचा पत्ता बदलला, तर ते विद्यापीठाला विनाविलंब कळवायचे. विद्यार्थ्याची हमी विद्यापीठाने सरकारला दिलेली असते. म्हणून नियम मोडल्याचे कळल्यास विद्यापीठालाच ते सरकारला कळवणे भाग पडते. गोपालने हे सारे नियम पाठ करून टाकले होते. एका बेकरीत तो आठवड्याला सोळा तास काम करी, त्याहून एक घटकाही अधिक नाही.

त्याच शहरातील दुसऱ्या एका महाविद्यालयात अकोल्याचा रोहित शिकत होता. वऱ्हाडी बोली कानी पडताच दोघांची गट्टी जमली होती. रोहित एका उपाहारगृहात भांडी घासण्याचे काम करी. हिवाळ्यात बर्फावरून सायकल घसरली आणि त्याचा उजवा हात मोडला. मालकाने स्पष्ट बजावले की, तुझ्या जागी कोणाला तरी पाठव, नाहीतर मी दुसरा माणूस ठेवतो. रोहितच्या तोंडचे पाणी पळाले.

गोपाल म्हणाला, "तू काहून भेतं बे? मी जातो ना तुह्या जागी. पगार तुह्याच खात्यात येऊ दे. आपली सावड समज."

त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ज्या श्रमाला मोल नाही, ते काम कसले? शनिवारी आणि रविवारी तो रोहितच्या नावाने त्या स्वयंपाकघरात उभा राहू लागला. मालकाच्या वहीत रोहित हजर होता. कढईला हात मात्र गोपालचे लागत होते. रोहितला एका हाताने सदराही घालता येईना, म्हणून गोपाल आपली खोली सोडून त्याच्याकडेच राहावयास गेला. ही गोष्ट विद्यापीठाला कळवावी असे त्याला वाटले नाही. भातकुलीत हरभरा घाट्यावर आला की माणसे जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, महिना महिना वावरातच झोपतात. त्यामुळे कोणाचे गाव बदलत नाही. त्याने हाच हिशेब तिथेही लावला. घरमालकाने इकडे ती खोली दुसऱ्याला देऊनही टाकली होती.

नव्या सत्राच्या आरंभी पडताळणीचे बोलावणे आले. गोपाल पासपोर्ट घेऊन खिडकीशी गेला. तेथील मुलीने पत्ता विचारला, तेव्हा त्याने सवयीने जुनाच सांगितला. तिने संगणकात पाहिले आणि मान वर केली. त्या पत्त्यावर पाठविलेले पत्र 'येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत आले होते. ती रागावली नाही. तिने एवढेच सांगितले की, पुढच्या बुधवारी हेलनबाईंना भेटा. तोवर आपले नाव कायम आहे, वर्ग चुकवू नका.

विद्यार्थी संघटनेच्या कचेरीत व्हिसाविषयी सल्ला देणारे एक गृहस्थ बसत आणि ऐकलेले स्वतःजवळच ठेवत. गोपालने त्यांना सावडीसह सर्व काही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग जे सांगितले, त्याने गोपालच्या पायाखालची जमीन सरकली. पगार घेतला की नाही, हा प्रश्नच नाही. बिनपगारी कामाचे तासही वीस तासांत धरले जातात. बेकरीचे सोळा आणि स्वयंपाकघराचे तास मिळून त्याने प्रत्येक आठवड्यात मर्यादा ओलांडली होती. शिवाय दुसऱ्याच्या नावाने काम केल्यामुळे तो दुसराही अडचणीत आला होता. पत्त्याची चूक मोठी नाही, ती दुरुस्त होईल. तासांचे कोणी विचारलेले नाही. परंतु विचारलेच, तर खोटे बोलणे हा नियमभंगाहून मोठा दोष ठरेल.

त्या दिवसापासून गोपालने स्वयंपाकघर सोडले. रोहितने दुसऱ्याच दिवशी मालकाला आपणच नोकरी सोडतो असे कळविले. परंतु बुधवारचे नाव निघताच तो अस्वस्थ होई.

"पत्ता सांग अन् घरी ये," तो म्हणाला. "तासाचं कोणाले मालूम हाय? वहीत तर माहं नाव हाय."

"अन् बाईनं विचारलं तर?"

"तर नाही म्हन. तू का हरिश्चंद्राचा नातू हायेस का बे?"

गोष्ट तेथेच थांबली नाही. रोहितने घरी कळविले आणि त्याची आई आशाबाई अकोल्याहून भातकुलीस आली. ती शकुनच्या ओसरीवर बसून रडली, असे शकुनने फोनवर सांगितले. गोपालने तोंड उघडले तर आपल्या लेकराचेही शिक्षण बुडेल, एवढीच तिची विनवणी होती. शकुनलाही ती पटली होती. शेषरावने फोन घेतला आणि बराच वेळ खाकरत राहिला. अखेर तो म्हणाला, "तुह्यावर गावाचा डोळा हाय बापू. सांभाळून बोलजो."

गोपालने फोन ठेवला. वडिलांच्या शब्दांत आधार होता की भीती, हे त्याला उमगेना. तो सावडीचाच विचार करीत बसला. मळ्यात सावड होई तेव्हा कोण कोणाच्या वावरात राबते आहे हे बांधावरून जाणाऱ्यालाही दिसे. कोणी कोणाचे नाव लावून राबत नसे. त्या स्वयंपाकघरात मात्र तो दर शनिवारी मालकाची 'रोहित' ही हाक निमूटपणे घेत आला होता. ज्या श्रमाला आपले नाव सांगता येत नाही, त्याला आपण सावड म्हणालो. चूक तेथे होती. बिनपगारी तासही मोजले जातात हे त्याला ठाऊक नव्हते हे खरे, परंतु ती हाक ऐकताना त्याची मान खाली जात होती, हेही तितकेच खरे होते.

बुधवारी हेलनबाईंनी त्याला खुर्ची दिली. त्यांनी पत्त्याविषयी विचारले. त्याने जागलीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांच्या मुखावर क्षणभर हसू आले. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही कोठे झोपता हे सरकारला हवे आहे, तुमचे गाव कोणते हे नव्हे." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. गोपालने नवा पत्ता स्वतःच्या हाताने भरला. बाईंनी पासपोर्ट परत केला आणि म्हणाल्या, "तुमची नोंदणी बरोबर आहे, हजेरी उत्तम आहे. कामाच्या तासांबद्दल काही सांगावयाचे आहे का?"

हा प्रश्न त्या सर्वांनाच विचारीत असाव्यात. नाही म्हटले असते, तर तो उठून वर्गाला गेला असता. दारापर्यंतचे अंतर चार पावलांचे होते.

"आहे," गोपाल म्हणाला. त्याने सर्व सांगितले. मात्र रोहितचे आणि उपाहारगृहाचे नाव तेवढे सांगितले नाही.

"कोणाच्या जागी?" बाईंनी विचारले.

"तास माझे आहेत. माझे मी सांगितले. त्याचे त्याला सांगू द्या."

हेलनबाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. मग त्यांनी सांगितले की, आता हे ऐकल्यावर मला गप्प राहता येत नाही. विद्यापीठाला हे गृहखात्यास कळवावे लागेल. स्वतः होऊन सांगितल्याचाही उल्लेख करीन, परंतु त्याने काय होईल याचे वचन देऊ शकत नाही. त्यांनी मजकूर लिहून त्याला वाचून दाखविला. त्यात, मित्राच्या आग्रहामुळे विद्यार्थ्याची दिशाभूल झाली, असे एक वाक्य होते.

"हे काढा," गोपाल म्हणाला. "आग्रह कोणीच केला नाही. मीच म्हणालो होतो."

"त्या वाक्याने तुमचा फायदा झाला असता."

"ठाऊक आहे बाई."

त्यांनी ते वाक्य खोडले.

काही आठवड्यांनी निर्णय आला. विद्यापीठाने हमी काढून घेतली होती आणि गृहखात्याने व्हिसाची मुदत कमी करून देश सोडण्याची तारीख दिली होती. प्रबंध राहून गेला. पुरे केलेल्या विषयांचे एक लहान प्रमाणपत्र तेवढे पदरी पडले. विमानतळावर रोहित आला होता. त्याच्या हाताचे प्लास्टर निघाले होते. तो ओझे उचलू पाहत होता, परंतु त्याला गोपालच्या डोळ्यांस डोळा देता येत नव्हता. निरोप घेताना तो एवढेच म्हणाला की, मीही माझ्या महाविद्यालयात जाऊन सांगून येईन. तो गेला की नाही, हे गोपालने पुढे कधीच विचारले नाही.

शेषराव बडनेरा स्टेशनवर घ्यावयास आला होता. वाटेत त्याने पिकाच्या गोष्टी काढल्या, पाण्याच्या काढल्या. इंग्लंडचा विषय मात्र काढला नाही. भातकुलीच्या पारावर चार माणसे बसली होती. त्यांतील वयोवृद्ध बुधाजीने गोपालला पाहून हाक मारली.

"काहून बे गोपाल, इतक्या लवकर? परीक्षा झाली का?"

गोपालने तोंड उघडण्यापूर्वीच शेषराव पुढे झाला. "तिकडच्या हवेनं तब्येत बिघडली ना पोराची," तो घाईने म्हणाला. "डॉक्टरनंच सांगितलं, घरी जाय म्हनून." पारावरच्या माणसांनी सहानुभूतीने माना डोलावल्या. हे उत्तर शेषरावने कितीतरी दिवस मनात घोळवून ठेवले असले पाहिजे. ते इतके सफाईने आले.

गोपालने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली.

"नाही काका," तो बुधाजीला म्हणाला. "तब्येत बरी हाय. मी तिथं दुसऱ्याच्या नावानं काम केलं. परवानगीपेक्षा जास्त तास झाले. म्हनून मले वापस पाठवलं."

शेषराव खाली पाहत उभा राहिला. बुधाजीने आपल्या धोतराचा सोगा आवरला, थोडा बाजूला सरकला आणि पारावर दोन माणसांपुरती जागा केली.

"बसा," तो म्हणाला. "शेषराव, तू बी बस."

शेषरावला बसावयास वेळ लागला. पण तो बसला.