चार इंचांचं भोक

कप्तानांनी उभी हयात फेरीबोट चालवली. निवृत्त झाल्यावरही इमारतीत सगळे त्यांना कप्तानच म्हणत. सकाळी खालच्या बाकावर ते बसले की गप्पांचं सुकाणू आपोआप त्यांच्या हाती येई. गेल्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं आणि लघवीवरचा ताबा गेला. रात्री डायपर बांधूनही चादर भिजायचीच. सून मुकाट्याने धुवायची, पण दमट हवेत चादरी वाळत नसत, घरभर कुबट वास भरून राही आणि त्याच चादरी पुन्हा पुन्हा धुऊन तिचे हात सोलवटले होते. म्हणून मुलाने कपडे वाळवायचा ड्रायर घ्यायचं ठरवलं.

ड्रायर काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत बसणार होता. त्याची गरम, ओलसर हवा बाहेर सोडायला भिंतीला चार इंचांचं भोक पाडावं लागणार होतं, आणि बाहेरची भिंत सोसायटीची. मुलाने सेक्रेटरींना अर्ज दिला. कारण लिहिलं, 'कुटुंबाच्या सोयीसाठी'.

सेक्रेटरी जन्मभर औषधांचं दुकान चालवलेले, मोजून बोलणारे गृहस्थ. त्यांनी त्याला घरी बोलावून समजावलं की रंग नुकताच दिलाय, आणि एकाला परवानगी दिली की उद्या दहा जण मागतील, भिंतीची चाळण होईल. पाईप न लागणारा ड्रायर का घेत नाही, असंही विचारलं. मुलगा म्हणाला की तो बघून आलो, पण त्याला फार वेळ लागतो आणि आमच्याकडे चादरींचा ढीग असतो.

"एवढ्या चादरी कुणाच्या?" सेक्रेटरींनी सहज विचारलं.

मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. त्याची अडचण पाहून सेक्रेटरींनीच विषय आवरता घेतला. ठोस कारण असेल तर तसं लिहा, मी कमिटीपुढे ठेवतो, म्हणाले.

आधी बाबांना विचारा, असं बायकोने बजावलं होतं. कशाला त्यांना लाजवायचं, असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. खरं तर विचारायची लाज त्यालाच वाटत होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने दुसरा अर्ज लिहायला घेतला आणि एकदा सुरुवात झाल्यावर हात थांबेना. वडिलांचा लघवीवर ताबा नाही, रोज अंथरूण भिजतं, पाहुणे यायचे बंद झालेत, असं सगळं त्यात आलं. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं.

कमिटीने मंजुरी दिली. तुळईला आणि खांबाला धक्का लावायचा नाही, पाऊस आत येऊ नये म्हणून पाईपला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, तोंडाला झडप बसवायची, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे हवा सोडायची नाही, अशा अटी होत्या. ठराव सकाळीच लिफ्टजवळच्या फलकावर लागला होता; मुलाने तो संध्याकाळी ऑफिसातून येताना वाचला. अटींच्या वरच लिहिलं होतं: 'अर्जदाराच्या वडिलांचा लघवीवर ताबा नसल्याने, विशेष बाब म्हणून'.

तो तसाच सेक्रेटरींकडे गेला. ते खरोखर ओशाळले. कारण लिहिलं नाही तर बाकीचे भांडायला येतील, म्हणून घातलं, असं म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण कप्तानांना अर्ज दाखवला होतात ना? मी तेच धरून चाललो."

सेक्रेटरींनी स्वतः खाली येऊन तो कागद काढला. पण तोवर इमारतीने तो वाचला होता.

घरी बायकोने सांगितलं, बाबा सकाळी खाली गेले ते लगेच वर आले, जेवलेही नाहीत. कप्तान खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगा पायाशी बसला. बाबा, चुकलं, मी अर्ज मागे घेतो, म्हणाला.

"मागे घेऊन काय होणार?" कप्तान तसेच पडून म्हणाले. "लिहिलंस ते खरंच आहे. सुनेचे हात बघतो मी रोज."

मुलाने त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"मला विचारलं असतंस तर मीच लिहिलं असतं रे," ते म्हणाले. "माझ्या सहीने गेलं असतं, तर खाली बसायला तोंड राहिलं असतं."

मुलाला मान वर करवेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

भोक पाडायला माणूस आला तेव्हा कप्तान खोलीबाहेर आले नाहीत. ड्रायर उत्तम चालला. घरातला वास गेला, सुनेचे हात बरे झाले. कप्तान मात्र खाली जाईनात. मी बरोबर येतो, असं मुलाने सुचवलं, तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मग एका सकाळी त्यांनी आपणहून चपला घातल्या. सुनेला सांगितलं, मुलाला नाही. मुलगा बाल्कनीत धावला. खाली कप्तान बाकाशी पोचले होते. म्हातारे सरकून जागा करत होते, जरा जास्तच तत्परतेने. तेवढ्यात बायकोने लावलेला ड्रायर सुरू झाला, झडप उघडली आणि साबणाच्या वासाची गरम हवा बाहेर पडू लागली. आवाजाने बाकावरचा एक जण वर पाहू लागला, मग दुसरा. कप्तानांनी पाहिलं नाही.

मुलगा काचेपासून मागे सरला आणि काल वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसला.