हाताच्या अंतरावरची अक्षरं

बावन्न टक्के. एवढ्या मेहनतीनंतर आकडा आला तो बावन्न टक्के.

"नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते," साहेब म्हणाले. ऑफिसात त्यांना सगळे दशांश म्हणत, कारण माणसाचं सुखदुःखसुद्धा ते टिंबानंतरच्या आकड्यापर्यंत मोजत. मात्र ते मनाने वाईट नव्हते. समोर बसलेल्या बाईची आई जाऊन चारच महिने झालेत हे त्यांच्या ध्यानात होतं, म्हणून आवाज हळू होता.

काम तसं सरळ होतं. औषधपाण्याबद्दल कुणी काही विचारलं, की त्यांची ऑनलाइन सेवा उत्तरादाखल चित्रं दाखवायची. कुठलं चित्र आधी आणि कुठलं नंतर, हे गुणांवर ठरे. वयस्कर लोकांसाठी ती क्रमवारी वेगळी असावी, असा हट्ट तिचाच. त्यांच्यासाठी तिने तीन गोष्टींचं वजन वाढवलं होतं: अक्षरं किती मोठी, ती मागच्या रंगावर किती उठून दिसतात आणि चित्रात किती गर्दी आहे. गर्दी जितकी जास्त, तितके गुण वजा. मग ज्येष्ठांच्या केंद्रात पंधरा आजी-आजोबांसमोर चित्रांच्या जोड्या ठेवल्या. "यातलं तुम्हाला कुठलं बरं?" त्यांचं बोट आणि तिची क्रमवारी एकाच चित्रावर पडली ती शंभरातल्या बावन्न वेळा.

"शुक्रवारी दुसऱ्या केंद्रात पुन्हा घेऊ. सत्तर आले तर ठेवू, नाहीतर सगळ्यांना एकच क्रमवारी," साहेब म्हणाले. "मला वाईट वाटेल, पण बंद करावं लागेल."

"बरं," ती म्हणाली.

दुपारी ती बाबांकडे गेली. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दहा दिवस झाले होते. पहिल्या डोळ्याच्या वेळी थेंब आई घालायची. आता दुसरा डोळा. सकाळी कामावर जाताना लेक घालून जाई, संध्याकाळचे शेजारीण. दुपारचे बाबा स्वतः घालत आणि शर्टाची कॉलर ओली होत असे.

ती आली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसून टॅब्लेट लांब धरून बघत होते. हात अगदी सरळ, हनुवटी वर, जणू टॅब्लेटवरच रागावलेत.

"ये ठमे. तुझ्या ऑफिसची चित्रं बघतोय. थेंब कसे घालायचे ते विचारलंय."

"ते नवं बटण दाबलंत का? वयस्करांसाठी आहे बघा, मी चालू करून ठेवलं होतं."

"मी बंद केलं. वयस्कर असेल तुझा साहेब."

"बाबा."

"मग परत चालू केलं. तुझं मन कशाला मोडायचं." त्यांनी बोटाने पहिलं चित्र वर ढकललं, मग दुसरं, तिसरं. पाचव्यावर थांबले. "हे बरंय."

पहिलं चित्र तिला पाठ होतं. मोठा सरकारी तक्ता, ठळक काळी अक्षरं, स्वच्छ पांढरी पार्श्वभूमी. अक्षरांच्या आकाराला त्याला सगळ्यात जास्त गुण होते.

"पहिलं का नको? त्याची अक्षरं तर मोठी आहेत."

"कुठे मोठी? मुंग्यांची रांग आहे नुसती."

तिने टॅब्लेट हातात घेतला आणि बाबांसारखाच हात लांब करून धरला. मग तिला दिसलं. तक्ता मुळात भिंतीएवढा. मोजणी त्या मूळ फाइलवर होत होती आणि तिथे अक्षरं बोटभर उंच होती. पण या काचेत बसायला तो तक्ता आक्रसत आक्रसत एवढासा व्हायचा आणि त्याच्याबरोबर अक्षरंही. तिची क्रमवारी भिंतीजवळ उभी राहून वाचत होती. बाबा खुर्चीत बसले होते.

ऑफिसात संगणकाचे दोन मोठे पडदे लावून, नाक काचेला टेकवून ती इतके महिने काम करत होती. चित्र तिच्या टेबलावर मोठंच दिसायचं.

"बरं, दुसरं?" तिने विचारलं. दुसऱ्या चित्रात पांढऱ्यावर एकच बाटली आणि खाली भलीमोठी अक्षरं: डोळ्याचे थेंब. ना हात, ना डोळा. गर्दी शून्य, म्हणून गुण भरपूर.

बाबांनी ते नीट पाहिलं. "वाचता येतं हो. पण सांगत काहीच नाही. बाटली तर माझ्या हातातच आहे." मग म्हणाले, "मला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा सगळे माझ्या कानाशी ओरडायचे. तुझी आई म्हणायची, अहो, नुसता आवाज चढवून काय होतंय, आधी बोलण्यासारखं काही असू दे."

आईचा तो सूर चार महिन्यांत लेकीने पहिल्यांदा ऐकला होता, आणि तोही बाबांच्या तोंडून.

पाचव्या चित्रात चार चौकटी होत्या. खालची पापणी बोटाने ओढायची, वर बघायचं, एक थेंब सोडायचा, नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरायचा. रेघा जाड, अक्षरं काळी. चार चौकटींमुळे गर्दी जास्त धरली गेली आणि चित्र खाली घसरलं होतं.

तिने शुक्रवारच्या चाचणीचं सांगितलं. "मी येतो मत द्यायला," बाबा म्हणाले. "पाचव्याला पाचपैकी पाच देतो."

"नाही चालणार. तुम्ही माझे बाबा आहात."

"म्हणजे बापाला मत नाही. बरं."

दोन दिवसांत तिने दोन मुख्य गोष्टी बदलल्या. अक्षरांची उंची मूळ फाइलवर न मोजता टॅब्लेटवर दिसेल त्या आकारात मोजायची. आणि आधी चाळणी: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चित्रात आहे का? नसेल तर अक्षरं कितीही मोठी असोत, ते खालीच राहील. चाळणीतून उरलेल्यांतच आकार, उठाव आणि गर्दी यांचं जादा वजन लावायचं. शिवाय गर्दीचं वजन तिने थोडं उतरवलं. उठावाला हात लावला नाही. तो पहिल्यापासून बरोबर होता.

"जुन्याच जोड्यांवर तपासून आनंद मानत नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही. नवे लोक, नव्या जोड्या. आणि टॅब्लेट त्यांच्या हातात, टेबलावर नाही."

शुक्रवारी दुसऱ्या केंद्रात एका आजींनी बजावलं, "गोड बोलून आमच्याकडून हवं ते वदवून घेऊ नकोस हं." लेक मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसली आणि विचारायचं काम सहकाऱ्याकडे दिलं. संध्याकाळी साहेबांनी कागद पुढे सरकवला. त्र्याहत्तर पूर्णांक चार.

"ठेवू या," ते म्हणाले. कागद परत घेतला, घडी घातली, पुन्हा उघडून तिलाच दिला. "एक बदल करा. बटणावर वयस्कर लिहू नका. माझी आई दाबत नाही."

सोमवारी दुपारी बाबांचा फोन आला. "ठमे, पाचवं पहिलं झालंय. आणि बटणावर आता मोठी अक्षरं, सुटसुटीत चित्रं असं आलंय. ते दाबायला माझी हरकत नाही."

"थेंब घातलेत?"

"घातले. पापणी ओढली, वर बघितलं, सगळं चित्राप्रमाणे. पहिला गालावर गेला. गालाला आता छान दिसतंय."

"आणि दुसरा?"

"दुसरा बरोबर डोळ्यात. कोपरा दाबून बसलोय. तोवर बोल काहीतरी."

ती बोलत राहिली.