खिडकीजवळच्या टेबलाचं लॉगिन

ईमेल आलं की ताई आधी चष्मा पुसत आणि मग धीर गोळा करत. टेबलं भाड्याने देणारी को-वर्किंग स्पेस चालवणाऱ्या बाईला दोनच विषयांवर ईमेल येतात : एसी जास्त आहे, किंवा एसी कमी आहे. पुष्कळदा दोन्ही एकाच टेबलावरून, एकाच दुपारी. मंगळवारचं ईमेल मात्र तिसऱ्याच विषयावर होतं, आणि ते पाठवणारी ताईंच्या टेबलापासून नऊ पावलांवर, खिडकीला पाठ करून बसली होती.

"ताई, तोंडी सांगितलं तर तुम्ही 'बघू' म्हणाल, म्हणून लिहिते," असं त्या अनुवादक मुलीने सुरुवातीलाच लिहिलं होतं. "एका हॉस्पिटलचं वर्षभराचं काम मिळतंय, रुग्णांच्या रिपोर्टांचं भाषांतर. त्यांच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे : तुम्ही वापरता त्या वाय-फायवर तुमचं स्वतंत्र लॉगिन आहे का, आणि ते फक्त तुम्हालाच माहीत आहे का? आपल्याकडे सगळ्यांना एकच पासवर्ड. खोटं 'हो' लिहायला हात धजत नाही. मला माझं वेगळं लॉगिन मिळेल का? शुक्रवारी पाचपर्यंत फॉर्म द्यायचाय, सोबत तुमचं पत्र. हे काम गेलं तर मला इथलं टेबल सोडून घरूनच काम करावं लागेल. घरी जुळी आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे."

ताईंना माहीत होतं. एकदा ती जुळी इथे आली होती, आणि प्रिंटर अजून पूर्ण सावरला नव्हता.

पण त्याहून त्यांना लागला तो पासवर्डचा विषय. ताईंनी बावीस वर्षं बालवाडी चालवली होती, आणि पाण्याचं पिंप, खडू आणि पासवर्ड या गोष्टी सगळ्यांच्या असतात अशी त्यांची समजूत होती. कॉफी मशीनच्या वर पांढरा फळा होता. त्यावर पासवर्ड गोल अक्षरात लिहिलेला असे आणि दर सोमवारी ताई तो नव्या रंगाने गिरवत. पासवर्ड चार वर्षं तोच. बदलला असता तर चाळीस माणसं, दाराची बेल आणि प्रिंटर, सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं असतं, आणि प्रिंटर कोणाचं ऐकत नसे.

"असं कर," ताई मुलीच्या टेबलाशी जाऊन म्हणाल्या, "मी दर महिन्याला पासवर्ड बदलते."

"बदललात तरी तो सगळ्यांनाच माहीत असणार ना, ताई."

"मग काय झालं? आपलीच तर माणसं आहेत."

"आपलीच आहेत. पण रिपोर्ट माझे नाहीत. ज्या बाईच्या गाठीचा रिपोर्ट मी वाचते, तिची इथे कोणाशी ओळख नाही."

ताई आपल्या टेबलाशी परतल्या. मग वायरवाल्या भाऊंना फोन केला.

भाऊंनीच इथलं वाय-फाय बसवलं होतं. बुधवारी ते आले आणि छताकडे बघत म्हणाले, "होईल की. छताला लावलेल्या वाय-फायच्या या पांढऱ्या डब्यांना पहिल्यापासून येतं ते."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मी डॉक्टर थोडाच आहे, आपणहून नाडी बघायला?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. जुन्या नेटवर्कशेजारी दुसरं एक नेटवर्क तयार केलं, तिथे एकट्या पासवर्डवर आत जाता येत नाही. नावही द्यावं लागतं, आणि नाव-पासवर्ड ज्याचा त्याचा. "एक माणूस सोडून गेला की त्याचंच लॉगिन बंद करायचं. बाकीच्यांना त्रास नाही. आणि कोण आत आहे ते नावानिशी दिसतं, मला लांबूनही. प्रिंटरला आणि बेलला हे जमणार नाही, ती जुन्यावरच राहू देत." ताईंना हे एकदम पटलं. बालवाडीत हजेरी घेतच असत.

गुरुवारी सकाळी मुलीचं लॉगिन तयार झालं. भाऊंनी नाव आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती ताईंकडे दिली, "तिला द्या," एवढं सांगून गेले. मुलीने चिठ्ठी बघून लॅपटॉप जोडला, फॉर्म भरायला घेतला. ताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी चिठ्ठी सांभाळून ठेवायचं ठरवलं. कागद हरवतात, हा बावीस वर्षांचा अनुभव. म्हणून त्यांनी ती चिठ्ठी फळ्यावर उतरवून काढली. हिरव्या शाईत, खाली एक रेघ.

दुपारी दोनला भाऊंचा फोन आला.

"ताई, अनुवादक बाईंना आत्ता किती हात आहेत?"

"म्हणजे?"

"त्यांच्या नावावर अकरा जण आत आहेत."

ताईंनी मान वळवली. फळ्यासमोर लोगो काढणारा दाढीवाला हातात कप घेऊन उभा होता आणि मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. "ताई, हे नवीन वाय-फाय भन्नाट आहे हो! जुन्यापेक्षा पळतं!"

ताईंचा चेहरा फळ्यासारखा झाला.

मुलगी उठून आली. ती ओरडली असती तर ताईंना सोपं गेलं असतं. ती फक्त फळ्याकडे बघत राहिली. "म्हणजे आत्ता कोणी काय उघडलं असेल, ते माझ्या नावावर."

"मी फक्त पिक्चर बघत होतो," दाढीवाला अपराधी आवाजात म्हणाला. "तोही नीट लागला नाही." ताईंनी हिरवी अक्षरं तळहातानेच पुसून टाकली.

भाऊ संध्याकाळी पुन्हा आले. सगळ्यांना त्या नावावरून बाहेर काढलं, पासवर्ड बदलायचा रकाना उघडला आणि लॅपटॉप मुलीकडे सरकवला. "तुम्हीच टाका. मी बाहेर जातो."

ताई तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी आपणहून भिंतीकडे तोंड केलं, शिक्षा झालेल्या मुलांना त्या उभं करत असत तसं.

शुक्रवारी तीनला मुलगी पत्राचा मसुदा घेऊन आली. "ताई, तुम्ही सही करा. कालचं मी वेगळं लिहिते, शेरा म्हणून."

"कालचं लिहायचं कशाला? मिटलं ना ते! आणि लिहिलंस तर काम जाईल."

"न लिहिता मिळालं तर मला झोप लागणार नाही."

ताई मसुदा घेऊन टेबलाशी बसल्या. बऱ्याच वेळाने उठल्या आणि पत्र दिलं. शेवटचा परिच्छेद त्यांचा होता : "गुरुवारी साडेदहा ते दोन हे लॉगिन फळ्यावर लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं. यांचा त्यात काही दोष नाही. पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला आहे."

पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला. सव्वापाचला ताईंचा फोन वाजला. पलीकडून हॉस्पिटलची बाई, आवाज इस्त्री केलेला.

"फळ्यावर आपणच लिहिलंत?"

"हो. मीच."

"आता तो पासवर्ड आपल्याला माहीत आहे?"

ताईंना वाटलं, आता व्यवस्थापिका म्हणून आपली शोभा होणार. या जागेतल्या प्रत्येक कपाटाची, प्रत्येकाच्या पाठदुखीची त्यांना माहिती असे.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

"व्यवस्थापक असून?"

"नाही हो. खरंच नाही. मी भिंतीकडे बघत होते."

पलीकडे पेन कागदावर टेकल्याचा आवाज. "ठीक आहे. सोमवारी आम्ही पहिली फाइल पाठवतो, असं त्यांना सांगा."

ताईंनी फोन ठेवला. खिडकीजवळची मुलगी केव्हाची त्यांच्याकडे बघत होती, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. ताई उठल्या. नऊ पावलं त्यांनी पाचात संपवली.