एकविसावा दिवस

रुओचिंगच्या आलेखांवर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि पेइश्वानला नेमकं तेच खुपत होतं.

काओश्युंग शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आधी दुसरी पदवी घेऊन मग डॉक्टर व्हायला आलेल्यांचा वेगळा वर्ग होता. कोणी इंजिनिअर, कोणी औषध दुकानातलं, बरेचसे लग्न झालेले. तिथली रीत अशी की प्रत्येक व्याख्यानाची टिपणं एकानं लिहायची, दुसऱ्यानं तपासायची, आणि ती फाइल साऱ्या वर्गानं वाचून परीक्षा द्यायची. पुस्तकं कपाटात राहायची. टिपणात आहे ते खरं, एवढं सोपं होतं सगळं. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा, हाही वर्गाचाच नियम.

पाळीच्या चक्रातल्या संप्रेरकांचं व्याख्यान चिठ्ठ्या टाकून वाटलं गेलं, तेव्हा लिहायचं काम रुओचिंगला आलं आणि तपासायचं पेइश्वानला. पेइश्वान चौतीस वर्षांची, आधी सात वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली. आकृत्या काढाव्यात तर तिनंच, असं पहिल्या वर्षी सगळे म्हणत. मग ही सव्वीस वर्षांची यू रुओचिंग आली, आणि सगळे तेच तिच्याबद्दल म्हणायला लागले. वर पाचवा महिना. लग्नाला वर्ष झालं नाही तोच दिवस गेले, तेही म्हणे न ठरवता. वर्गातली पोरं तिच्यासाठी कापलेले पेरू आणत, कोणी खुर्ची सरकवून देत. पेइश्वान ते बघायची आणि आपल्या डब्यातल्या भातात चॉपस्टिक खुपसून बसायची.

पेइश्वान आणि तिचा नवरा च्येनहुंग यांची अडीच वर्षं मुलाची वाट बघण्यात गेली होती. सासू दर पाळीनंतर चार मुळ्यांचा काळाकुट्ट काढा थर्मासमधून पाठवायची आणि फोनवर विचारायची, प्यायलीस ना गं सगळा. च्येनहुंगची तपासणी झाली होती, त्याच्यात काही खोट निघाली नव्हती. म्हणजे राहिली कोण? डॉक्टरकडे जायची पेइश्वानला लाज वाटली. उद्या तिथं आपलेच शिक्षक भेटायचे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती एकटीच एका खाजगी लॅबमध्ये गेली, आपल्या मनानंच पाळीच्या एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉनसाठी रक्त दिलं. निकाल आला ०.७. तीनच्या वर असतं तर अंडं सुटलं असं म्हणता आलं असतं. एवढं वैद्यक तिला येत होतं. अंडंच सुटत नाही आपलं, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं, कागद घडी करून पर्सच्या तळाशी घातला आणि च्येनहुंगला काही सांगितलं नाही. मग न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

आणि आता ही फाइल समोर आली. पहिल्या पानावर पाच रेघा एकाखाली एक. अंडं वाढवणारं एफएसएच सुरुवातीला थोडं वर, मग इस्ट्रोजेन चढत जाऊन टोकाला पोचतं, त्याच्या पाठोपाठ एलएचची ती उंच सुळक्यासारखी उसळी, त्यानंतर दीडेक दिवसात अंडं सुटतं. मग प्रोजेस्टेरॉनचा गुबगुबीत डोंगर, आणि खाली पहाटेच्या तापमानाची रेघ, अंडं सुटल्यावर अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वर सरकलेली. रेघांना रंगही असे दिलेले की डोळ्यांना त्रास नाही. पुढच्या पानावर तपासण्या त्याच आलेखावर खुणेनं दाखवलेल्या: एफएसएच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गर्भनळ्यांचा एक्स-रे पाळी थांबल्यावर पण अंडं सुटायच्या आत, अंड्यांचा साठा सांगणारं एएमएच कधीही.

पेइश्वाननं तीनदा वाचलं. चूक सापडेना. जळफळाट नुसता. आणि मग तिची नजर प्रोजेस्टेरॉनच्या खुणेवर गेली. रुओचिंगनं लिहिलं होतं, ‘ही तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस. पण अंडं सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस साधारण चौदाच राहतात, लांबतो तो त्याआधीचा भाग. म्हणून पस्तीस दिवसांचं चक्र असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी करा, नाहीतर धडधाकट बाई उगीच रडत बसेल.’

ते शेवटचं वाक्य वाचून पेइश्वानच्या अंगाचा तिळपापड झाला. ही पोटुशी पोरगी आपल्याला सांगणार, बायका कशा रडतात ते. वाक्याचा बाकीचा अर्थ तिच्या डोक्यात शिरलाच नाही. राग आलेल्या माणसाला अर्थ दिसत नाही, शब्दच तेवढे दिसतात. तिनं सगळा परिच्छेद खोडला, तिथं ‘एकविसाव्या दिवशी’ एवढंच ठेवलं, आणि लिहिणाऱ्यालाच दिसेल असा शेरा दिला: ‘एकविसाव्या दिवशीच करतात. मी स्वतः केली आहे, ०.७ आली. ऐकीव गोष्टी टिपणात घुसडू नयेत.’ रुओचिंगचं उत्तर आलं की ताई, एकदा पुस्तक बघाल का. पेइश्वाननं लिहिलं, तपासणारी मी आहे. संध्याकाळी फाइल बंद झाली.

दहा दिवसांनी परीक्षा झाली. शरीरक्रियाशास्त्र आणि स्त्रीरोग यांचा एकत्र पेपर, सगळे प्रश्न आलेखांवर. सतरावा प्रश्न पस्तीस दिवसांच्या चक्राचा होता. एलएचची उसळी विसाव्या दिवशी, तापमान बाविसाव्यापासून वर आणि शेवटपर्यंत वरच. एकविसाव्या दिवशी रक्त घेतल्याची बाणाची खूण, प्रोजेस्टेरॉन ०.९. निष्कर्ष लिहा.

पेइश्वाननं आलेखाकडे बघितलं. अंडं सुटलं होतं. रक्तच एक आठवडा आधी घेतलं होतं. डोंगर अजून चढायचा होता, आणि हे लोक पायथ्याशी उभे राहून डोंगर नाही म्हणत होते. आणि तिची स्वतःची पाळी? चौतीस, पस्तीस, कधी छत्तीस दिवसांनी. हे तिला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं.

म्हणजे दोन महिने ती ज्याला रडली ते कदाचित नव्हतंच. आनंदानं ओरडावंसं वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर रुओचिंग बरोबर होती. तिनं मान वळवून पाहिलं. तिसऱ्या रांगेत रुओचिंग पोटावर एक हात ठेवून शांतपणे लिहीत होती. बाकीच्या वर्गानं टिपणाच्या भरवशावर ‘अंडं सुटत नाही’ हेच लिहिलेलं असणार, यात पेइश्वानला शंका नव्हती. तिनं पेन उचललं आणि तिनंही तेच लिहिलं. कळत असून लिहिलं.

चार दिवसांनी, आपल्या अठ्ठाविसाव्या दिवशी, ती पुन्हा त्याच लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपरचे गुण लागले. सतराव्या प्रश्नात अख्ख्या वर्गात एकटीला गुण होते, यू रुओचिंगला. पाच गुणांचा प्रश्न, आणि त्यावरून सहाजण नापास. वर्गप्रमुख मिंगचे एरवी कोणाला दुखवायचा नाही, पण त्या दिवशी तोही तापला होता. टिपणात एक लिहायचं आणि पेपरात दुसरं, याला काय म्हणायचं, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, आम्हाला खड्ड्यात घालून आपण वर चढायचं. सकाळपर्यंत पेरू आणणारी हीच पोरं.

रुओचिंग उभी राहिली. म्हणाली, “टिपण माझ्या नावाचं आहे. जबाबदारी माझी. मला माफ करा.”

पेइश्वान दाराशी उभी होती. लॅबमधून थेट आली होती, पर्समध्ये नवा कागद होता, त्यावर १२.६ हा आकडा होता. वाटेत बसमध्ये तिनं तो आकडा दहादा वाचला होता. च्येनहुंगला फोन करून सांगायचं होतं, सासूचा काढा बेसिनमध्ये ओतून द्यायचा होता. पण रुओचिंगला मान खाली घालून उभी पाहून तिला पहिल्यांदा जे वाटलं, ते खरं सांगायचं तर गोड वाटलं. अर्धा मिनिटभर. मग तिच्या ध्यानात आलं की ही पोरगी नाव घेत नाहीये. फाइलमध्ये कोणी काय खोडलं याची नोंद असते, एक बटण दाबलं की दिसतं. तिला दाखवता आलं असतं. म्हणजे आता मोठेपणाही हिचाच. पेइश्वानला तेही बघवेना.

“ते मी खोडलं,” ती म्हणाली. “हिनं बरोबर लिहिलं होतं. मी तपासताना काढून टाकलं.”

मिंगचेनं विचारलं, चुकून का. पेइश्वान म्हणाली, नाही, चुकून नाही. मग कोणी काय बोललं ते तिला नीट आठवत नाही. सहाजणांतली एक बाई तिच्यासमोरून दप्तर उचलून निघून गेली, एवढं आठवतं.

बाहेरच्या व्हरांड्यात रुओचिंग तिच्या मागे आली. पेइश्वाननं वळूनच विचारलं, “तू का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर शिव्या खात होतीस.”

“खोडल्याची नोंद उघडली की शेराही दिसतो, आणि त्यात तुमचा आकडा होता, ताई,” रुओचिंग म्हणाली. “तो मी वर्गाला कसा दाखवणार? तुमच्याशी बोलायला हवं होतं, पण मी असं पोट घेऊन येऊन तुम्हाला काय सांगणार, म्हणून राहिलं. ते माझं चुकलं. वाटलं, पेपरात असा आलेख आला तर तुम्हाला आपोआप कळेल.”

“कळलं होतं.”

रुओचिंगनं विचारलं, “मग तुमचाही प्रश्न कसा चुकला?”

“मुद्दाम चुकवला,” पेइश्वान म्हणाली. “तुझ्याबरोबर बरोबर ठरायचं नव्हतं मला.”

खाली आवारात कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग रुओचिंगनं हळूच विचारलं, “पुन्हा तपासलंत का?”

पेइश्वाननं पर्समधून कागद काढून तिच्या हातात दिला. का दिला, ते तिलाच कळलं नाही. च्येनहुंगनंसुद्धा अजून पाहिला नव्हता.

रुओचिंगनं आकडा वाचला आणि तिचे डोळे एकदम भरून आले. तिनं पेइश्वानचे दोन्ही हात धरले आणि म्हणत राहिली की ताई, बारा, अहो बारा आहे. पेइश्वान तिच्या चेहऱ्यावर कीव शोधत होती, मोठेपणा शोधत होती, थोडंसं खोटं काहीतरी. काही सापडेना. पोरीला खरंच आनंद झाला होता, आणि पेइश्वानला तेवढंच सहन होत नव्हतं.